विश्लेषण : एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी… परदेशातल्या मंडळांची द्वैभाषिक वार्तापत्रे कशी जुळवली जातात?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. त्याची छायाचित्रे आणि बातम्या परदेशातल्या मराठी मंडळांच्या वार्तापत्रांतही पोहोचतात. आजोबांसाठी मजकूर मराठीत लागतो आणि तिथेच वाढलेल्या नातवंडांसाठी इंग्रजीत. त्यामुळे एकाच पानावर देवनागरी आणि रोमन या दोन लिप्या शेजारी नांदवाव्या लागतात. वरवर हे फॉन्ट निवडण्याचे काम वाटते, पण मजकुराच्या संकेतांकनापासून छपाईच्या कागदापर्यंत प्रत्येक टप्प्यावर यात अडचणी येतात. त्या नेमक्या कोणत्या आणि त्या ओळखायच्या कशा?

अशी वार्तापत्रे कोण काढते?

परदेशातल्या मराठी मंडळांचा इतिहास जुना आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली झाली आणि ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’ हे त्याचे वार्तापत्र. सिंगापूरचे महाराष्ट्र मंडळही ‘ऋतुगंध’ हा अंक काढते. याशिवाय शहरा-शहरांतली छोटी मंडळे गणेशोत्सव, दिवाळी, आषाढी एकादशी अशा निमित्ताने चार-आठ पानांचे अंक काढतात. अशा अंकाचे संपादन बहुधा नोकरी सांभाळून हौसेने केले जाते. पानांची जुळणी मात्र अनेकदा महाराष्ट्रातल्या एखाद्या डीटीपी करणाऱ्याकडे येते. समजा, असाच चार पानांचा आषाढी अंक आळंदीत जुळवला जात आहे आणि तो छापला जाणार आहे अमेरिकेत. पहिल्या पानावर पालखी प्रस्थानाची बातमी आहे, डावीकडे मराठीत आणि उजवीकडे इंग्रजीत. या एका बातमीचा प्रवास पाहिला तरी बहुतेक सगळ्या अडचणी समोर येतात.

मजकूर हातात आल्यावर पहिली अडचण कोणती?

पहिला प्रश्न फॉन्ट कोणता हा नसतो, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही हा असतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. हा विभाग `U+0900` ते `U+097F` असा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मात्र संगणकावरच्या मराठीसाठी वेगळी युक्ती वापरली जात असे. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरेच साठवली जात आणि फॉन्टमध्ये त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कृतिदेव हा त्यातला प्रसिद्ध फॉन्ट. त्यात ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात `ejkBh` असा साठवला जातो. फॉन्ट असेल तर पडद्यावर मराठी दिसते, नसेल तर ही इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. अशा प्रकारचे अनेक फॉन्ट महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वापरले गेले आणि प्रत्येकाचा नकाशा निराळा होता. जुन्या लेखकांकडून, छापखान्यांकडून किंवा मंडळाच्या जुन्या अंकांतून आलेला मजकूर आजही अशा रूपात मिळतो.

यावर उपाय म्हणून रूपांतर करणारी साधने आहेत. केवळ मराठी मजकूर असेल तर ती बरीच चोख काम करतात. द्वैभाषिक मजकुरात मात्र तीच साधने घोटाळा करतात. कारण साधनाच्या दृष्टीने मराठीही इंग्रजी अक्षरांतच आहे आणि इंग्रजीही. बातमीत मध्येच `Pune` हा शब्द खऱ्या इंग्रजीत आला असेल, तर कृतिदेवचा नकाशा लावून त्याचे ‘च्नदम’ असे काहीतरी होते. म्हणून अख्खी फाइल एकदम रूपांतरित करायची नसते. वर्डमध्ये शोधा-बदला या सोयीत विशिष्ट फॉन्टमधला मजकूर शोधता येतो. जुन्या फॉन्टमध्ये असलेला तेवढाच मजकूर निवडून बदलायचा आणि इंग्रजीला हात लावायचा नाही, हाच क्रम बिनधोक ठरतो.

रूपांतरानंतर दोन जागा डोळ्यांनी तपासाव्या लागतात. पहिली ऱ्हस्व वेलांटी आणि दुसरी रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे उलट आहे. जुन्या फाइलमध्ये तो शेवटी येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. साधनाला जोडाक्षर नीट कळले नाही, तर वेलांटी किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘स्थिती’, ‘कीर्तन’, ‘मार्गस्थ’ असे शब्द शोधून पाहिले की रूपांतर कितपत बरोबर झाले आहे ते लगेच कळते.

‘वारकऱ्यांच्या’ हा शब्द का अडतो?

पालखीच्या बातमीत हा शब्द टाळताच येत नाही. यातला ‘ऱ्या’ हे मराठीचे खास जोडाक्षर आहे. ‘सूर्य’मध्ये र अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, तर ‘वारकऱ्या’मध्ये तो अक्षराच्या डावीकडे पापणीसारखा दिसतो. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. महाप्रसादाच्या बातमीत ही चूक झाली, तर आभार भलत्याचेच मानले जातात.

युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे लिहिलेला आढळतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडायचा.

```
ऱ् + य = U+0931 U+094D U+092F
र् + जोडक + य = U+0930 U+094D U+200D U+092F
```

दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये `U+200D` हे न दिसणारे जोडक चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. चार लेखकांचा मजकूर एकत्र आला की अर्धा एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला असतो. मग एखादी चूक शोधा-बदला करून दुरुस्त केली तरी निम्म्या जागी ती तशीच राहते. म्हणून जुळणी सुरू करण्यापूर्वी सगळा मजकूर पहिल्या पद्धतीत आणून घेणे सोयीचे. ‘ॲटलांटा’, ‘ॲरिझोना’ अशा गावांच्या नावांबाबतही हेच होते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे, ते म्हणजे `U+0972`. काही जण मात्र ‘अ’ लिहून त्यावर चंद्र जोडतात आणि काही फॉन्टमध्ये तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर वेगळा पडतो. उलट, फॉन्ट जुना असेल तर ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दिसते. अमेरिकेतल्या वाचकाच्या गावाच्या नावातच चौकट आली तर ती सगळ्यात आधी नजरेत भरते.

मराठीचा ‘ल’ आणि हिंदीचा ‘ल’ वेगळा का?

देवनागरी एकच असली तरी मराठीत ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण निराळे आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानला. युनिकोडमध्ये मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. कोणता आकार दिसेल हे फॉन्ट ठरवतो आणि अनेक फॉन्टमध्ये हिंदीचे वळण हेच पहिले असते. चांगल्या फॉन्टमध्ये मराठीचे आकारही दिलेले असतात, पण ते `locl` या सोयीमागे झाकलेले असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले, तरच ते बाहेर येतात. ई-मेलच्या किंवा वेब पानाच्या मजकुरात हेच काम `lang="mr"` या खुणेने होते.

व्यवहारात गडबड अशी होते की, मथळ्याची भाषा मराठी ठरवलेली असते आणि बातमी चिकटवताना तिची भाषा इंग्रजी किंवा हिंदीच राहून जाते. मग एकाच पानावर ‘पालखी’चा ल दोन तऱ्हांनी दिसतो. हे टाळायचे असेल तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळण हेच मूळ आहे असा फॉन्ट निवडता येतो. ‘तिरो देवनागरी’ या मोफत फॉन्टच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत. त्यातली मराठी घेतली की भाषेची खूण विसरली तरी ल आणि श मराठीच राहतात. त्यात रोमन अक्षरेही आहेत, पण जाड वळण नाही. त्यामुळे मथळ्यांसाठी दुसरा फॉन्ट लागतो. तिथे मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ कामी येतो. त्यात देवनागरी आणि रोमन अक्षरे एकमेकांशी जुळवूनच रेखाटली आहेत आणि जाडीचे अनेक पर्याय आहेत. एका अंकाला असे दोन फॉन्ट पुरतात.

दोन्ही लिप्यांचा आकार सारखा ठेवला तर काय बिघडते?

रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, तर देवनागरी शिरोरेषेला लटकते. रोमनमधल्या छोट्या अक्षरांची उंची आणि मोठ्या अक्षरांची उंची वेगळी, देवनागरीत हा भेदच नाही. शिवाय देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येतात. त्यामुळे दोन्हींना ११ पॉइंट दिले की ते सारखे दिसतील, असे होत नाही. बऱ्याच फॉन्टच्या जोड्यांत देवनागरी बारीक दिसते आणि पान पाहणाऱ्याला इंग्रजी हीच मुख्य भाषा आहे असे वाटू लागते.

याचा हिशेब साधा आहे. दोन्ही फॉन्टमध्ये `नxHन` ही चार अक्षरे ७२ पॉइंटमध्ये छापायची आणि पट्टीने मोजायचे. समजा, खालच्या रेषेपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत १४ मिलिमीटर भरले, छोट्या एक्सची उंची १३ आणि मोठ्या एचची १८ भरली. शिरोरेषा या दोन उंचींच्या साधारण मध्ये, म्हणजे साडेपंधरा मिलिमीटरवर आली की ओळ सारखी दिसते. साडेपंधराला १४ ने भागले की सुमारे १.१ येते. इंग्रजी साडेदहा पॉइंटला ठेवायची असेल तर मराठी साधारण साडेअकरा पॉइंटला बसेल. आकडे फॉन्टनुसार बदलतात, रीत मात्र तीच राहते. शेवटचा निवाडा डोळ्यांनी करायचा आणि तो पडद्यावर नव्हे, छापलेल्या कागदावर.

ओळींमधल्या अंतराचेही असेच. साडेदहा पॉइंटच्या इंग्रजीला साधारण १४ पॉइंटचे अंतर पुरते. साडेअकराच्या मराठीला १६ ते १७ लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. म्हणूनच डावीकडची मराठी ओळ आणि उजवीकडची इंग्रजी ओळ एकमेकींसमोर आणण्याचा अट्टहास करू नये. दोन्ही स्तंभांची सुरुवात एका रेषेत असली आणि छायाचित्रांच्या कडा जुळल्या की पान नीटनेटके दिसते. मराठी परिच्छेदाच्या मध्येच इंग्रजी शब्द आला, तर त्या परिच्छेदाला अंतर मराठीचेच ठेवावे.

इंग्रजीच्या काही सवयी देवनागरीत चालत नाहीत. अक्षरांमध्ये जास्तीची जागा सोडली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मजकूर दोन्ही कडांना जुळवताना सॉफ्टवेअर गुपचूप हेच करते, म्हणून मराठीसाठी अक्षरांतली जागा शून्यावर बांधून टाकावी लागते. अरुंद स्तंभात ‘महाराष्ट्रातल्यांसाठी’सारखे लांब शब्द आले की शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. तिथे मजकूर डावीकडून लावलेला बरा. ठळकपणासाठी तिरपी अक्षरे वापरण्याची चाल मूळ रोमनची आहे. देवनागरीत सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपे करते आणि ते वाकडे दिसते. त्याऐवजी पुस्तकांची नावे अवतरण चिन्हांत आणि जोर द्यायचा शब्द जाड अक्षरांत देणे मराठीला शोभते. शब्दाखालची रेघ उकारांना कापते, तीही टाळावी.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये हे जमते?

इनडिझाइनमध्ये काम करणाऱ्यांना एक धक्का नेहमी बसतो. वर्डमध्ये नीट दिसणारा युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की ‘स्थिती’तली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि हलन्त उघडे पडतात. मजकूर बिघडलेला नसतो. परिच्छेदाची मांडणी साध्या पद्धतीवर असते इतकेच. परिच्छेद शैलीत `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडले की जोडाक्षरे जुळतात. मोफत पर्यायांपैकी स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती देवनागरी जोडाक्षरे सांभाळते. लिबर ऑफिस आणि वर्डमध्ये तर एकाच शैलीत पाश्चात्त्य लिपीसाठी एक फॉन्ट व आकार आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिपीसाठी दुसरा फॉन्ट व आकार देण्याची सोय आहे. चार पानांच्या साध्या अंकाला तेवढेही पुरते.

इनडिझाइनमध्ये ही सोय ‘ग्रेप’ शैलीने साधता येते. ठरावीक प्रकारची अक्षरे आली की त्यांना आपोआप वेगळी शैली लागते. इथे एक बारकावा आहे. अनेक जण परिच्छेदाचा मूळ फॉन्ट रोमन ठेवतात आणि देवनागरीचा विभाग शोधून त्याला मराठी फॉन्ट लावतात. वर सांगितलेले `U+200D` हे जोडक चिन्ह मात्र त्या विभागाबाहेरचे आहे. ते वगळले गेले की तिथे शैली तुटते आणि जोडाक्षरही तुटते. म्हणून उलट करावे. मूळ फॉन्ट आणि आकार मराठीचा ठेवावा आणि शोधायचे ते रोमन शब्द.

```
[A-Za-z]+
```

मग इंग्रजी शब्दांनाच साडेदहा पॉइंटची शैली लागते आणि मराठीच्या जुळणीला धक्का लागत नाही. विरामचिन्हे आणि आकडे यांचा निर्णय मात्र आधीच करावा लागतो. मराठी स्तंभात देवनागरी आकडे आणि इंग्रजीत रोमन, असे बहुतेकदा ठेवले जाते. तारखा फक्त आकड्यांत लिहू नयेत. ‘६/७’ म्हणजे आळंदीत सहा जुलै, तर अमेरिकेत सात जून. महिन्याचे नाव लिहिले की कार्यक्रमाला कोणी महिनाभर आधी पोहोचत नाही.

नावांचे इंग्रजी स्पेलिंग कोणते?

इंग्रजी स्तंभात ‘आळंदी’चा ळ साध्या ल होऊन जातो, त्याला इलाज नाही. ‘ज्ञ’चा प्रश्न मोठा आहे. मराठी उच्चाराप्रमाणे `Dnyaneshwar` असे लिहितात आणि हिंदी उच्चाराप्रमाणे `Gyaneshwar`. लेखक दोन असतील तर अंकात दोन्ही येतात आणि मराठी न वाचणाऱ्या मुलाला ती दोन माणसे वाटू शकतात. अंकासाठी नावांची एका पानाची यादी करून ती लेखक, अनुवादक आणि जुळणी करणारा या तिघांनीही पाळली, तर हा प्रश्न सुटतो. अंकात पहिल्यांदा नाव येते तिथे इंग्रजी स्तंभातही ते देवनागरीत एकदा दिले की मुलाला त्याचे मूळ रूप दिसते.

शेवटच्या टप्प्यावर काय तपासायचे?

सर्वात आधी कागद. भारतात पान ए-फोर असते, २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतला ‘लेटर’ कागद २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. ए-फोरवर जुळवलेला अंक तिथल्या प्रिंटरवर दिला की एकतर वरखाली कापला जातो किंवा साधारण सहा टक्के लहान होतो. साडेअकरा पॉइंटची मराठी मग पावणेअकराच्या आसपास येते आणि ज्येष्ठांसाठी केलेला सगळा हिशेब वाया जातो. अंक कुठे छापला जाणार हे विचारूनच पानाचे माप ठरवायला हवे.

दुसरी तपासणी पीडीएफची. सगळे फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत झाले आहेत की नाही, हे फाइलच्या गुणधर्मांत दिसते. नंतर ती फाइल, जिच्यात हे फॉन्ट नाहीत अशा दुसऱ्या यंत्रावर किंवा फोनवर उघडून पाहावी. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला तर तो बरेचदा विस्कटतो, कारण तिथे अक्षरे दिसण्याच्या क्रमाने मांडलेली असतात. म्हणून ई-मेलसाठी मजकूर पीडीएफमधून न उचलता मूळ फाइलमधूनच घ्यावा. ई-मेलमध्ये आपला फॉन्ट पोहोचेलच याची खात्री नसते. वाचकाच्या फोनमधला देवनागरी फॉन्टच बहुधा लागतो, तेव्हा तिथे मांडणी जितकी साधी तितकी बरी.

शेवटचे मुद्रितशोधन छापील कागदावर आणि दोघांनी करावे. एकाने मराठी वाचावे आणि दुसऱ्याने इंग्रजी, मग दोघांनी तारखा, वेळा आणि नावे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावीत. दोन्ही स्तंभ स्वतंत्रपणे बिनचूक असूनही एकात सभागृहाची वेळ बदलली आणि दुसऱ्यात जुनीच राहिली, ही चूक वर्तनी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडत नाही. त्याच बैठकीत ‘वारकऱ्यांच्या’, ‘स्थिती’, ‘ॲटलांटा’ आणि ‘पालखी’ हे चार शब्द प्रत्येक पानावर बोट ठेवून पाहावेत. त्यांतला र, वेलांटी, ॲ आणि ल जागच्या जागी असतील, तर अंक छपाईला पाठवायला हरकत नाही.